गरोदरपणात शुगर होती, आता डिंकाचा लाडू खायचा का?

दिवाळी सरली आणि थंडी पडायला लागली की सांगलीच्या गणपती पेठेत डिंक, खारीक, खोबऱ्याच्या वाट्या, खसखस यांची गर्दी वाढते. त्यातली बरीच खरेदी बाळंतिणीसाठी असते. गेल्या काही वर्षांत या खरेदीसोबत एक प्रश्नही येतो. सुनेला किंवा लेकीला सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. भात कमी केला, गोड बंद केलं, काहींनी इन्सुलिनही घेतलं. आता बाळ झालं, दवाखान्यातून सोडताना शुगर नॉर्मल आली, आणि माहेरी पाच किलो लाडू वळून तयार आहेत. आई म्हणते, "अगं, शुगर बाळाबरोबर गेली, आता खा की पोटभर." मावशी म्हणते, "एकसुद्धा तोंडात घालू नकोस." बिचारी बाळंतीण डब्याकडे बघत बसते.

दोघींचंही अर्धं बरोबर आहे. लाडू खाता येतो. पण केवढा, कशाच्या जागी आणि कोणत्या चाचणीपर्यंत जपून, हे ठरवावं लागतं.

## बाळ झालं की शुगर जाते, म्हणजे काय होतं?

गरोदरपणात पहिल्यांदाच रक्तातली साखर वाढलेली आढळली, तर त्याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात त्यासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह धरून उपचार सुरू होतात.

हे का होतं ते साखर कारखान्याच्या गेटवर बघा. उसाचे ट्रॅक्टर म्हणजे रक्तात आलेली साखर, आणि गेट उघडून त्यांना आत घेणारा माणूस म्हणजे इन्सुलिन. गरोदरपणात वारेतून अशी संप्रेरकं सुटतात की गेट जड होतं, ढकलूनही पुरतं उघडत नाही. बहुतेक बायकांचं शरीर जास्तीची माणसं लावून काम भागवतं, म्हणजे जास्त इन्सुलिन तयार करतं. ज्यांना तेवढी माणसं लावता येत नाहीत त्यांच्या गेटवर रांग लागते. बाळंतपणात वार पडली की गेट पुन्हा हलकं होतं आणि रांग एक-दोन दिवसांत ओसरते. माणसं कमी असल्याची गोष्ट मात्र तशीच राहते. आता भागतंय, इतकंच.

म्हणून अशा बायकांना पुढच्या आयुष्यात नेहमीचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. वेगवेगळ्या अभ्यासांत हा फरक सात ते दहा पट आढळला आहे. काहींच्या बाबतीत तर तो गरोदरपणाच्या आधीपासूनच असतो, फक्त कुणी तपासलेला नसतो. आईचं "शुगर बाळाबरोबर गेली" हे बहुतेक वेळा खरं असतं. पण कायमची गेली का, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

## एका लाडवात नेमकं काय असतं

प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं असतं, पण सातारा-सांगलीकडे सहज आढळणारं एक प्रमाण घेऊ. डिंक 100 ग्रॅम, खारकेची पूड 250, किसलेलं सुकं खोबरं 250, बदाम 100, खसखस 50, गूळ 500 आणि तूप 250 ग्रॅम. सुंठ, वेलची, जायफळ चवीपुरतं. एकूण दीड किलो माल झाला.

यात साखर दोन वाटांनी येते. गुळात शंभरातले पंच्याऐंशीच्या वर भाग साखरच असते, म्हणजे अर्धा किलो गुळातून साधारण 435 ग्रॅम. खारकेतही निम्म्याहून जास्त साखर असते, ती साधारण 160 ग्रॅम धरू. दोन्ही मिळून सहाशेच्या आसपास. दीड किलोत सहाशे ग्रॅम साखर, म्हणजे लाडवाचा दहातला चार हिस्सा. उष्मांकांचा हिशेब केला तर ग्रॅमला पाच कॅलरी पडतात. तूप आणि खोबऱ्यामुळे त्या एवढ्या चढतात.

आता वळलेला लाडू काट्यावर ठेवा. आपल्याकडे मुठीत बसेल असा लाडू वळायची सवय आहे, तो सहज 60 ग्रॅम भरतो. त्यात साखर 24 ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे, आणि कॅलरी 300. छोट्या लिंबाएवढा वळला तर 30 ग्रॅमचा होतो, त्यात साखर 12 ग्रॅम आणि कॅलरी 150. लाडू तोच, फक्त वळणाऱ्याची मूठ वेगळी. "रोज एक लाडू खा" एवढंच सांगणाऱ्याला मी म्हणूनच आधी विचारते, की केवढा?

## बाळंतिणीच्या ताटाचा हिशेब

प्रश्न एका लाडवाचा क्वचितच असतो. सकाळी उठल्यावर मोठे दोन लाडू आणि पेलाभर दूध, त्यात दोन चमचे साखर. दहाच्या सुमाराला गुळातली अळिवाची खीर. चार वाजता तुपातला शिरा. रात्री झोपताना पुन्हा एक लाडू, "दुधाला चांगला असतो" म्हणून.

तीन लाडवांची साखर 72 ग्रॅम, दुधातली 10, खिरीची 20, शिऱ्याची 25 धरली तर आकडा सव्वाशे ग्रॅमच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्के ठेवली आहे, आणि त्यात गूळही मोजला जातो. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या आहारात ती साधारण 55 ग्रॅम भरते. खारकेची साखर या मोजणीतून वगळली तरी वरचं ताट शंभराच्या पुढेच राहतं. आणि अजून जेवण व्हायचं आहे.

पाजणाऱ्या आईला जास्त खावं लागतं, हेही खरंच. पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्तीच्या घ्याव्यात असं भारतीय वैद्यक संशोधन परिषद सांगते. पण तीन मोठे लाडू म्हणजेच नऊशे कॅलरी झाल्या. शिवाय या सहाशेत प्रथिनं हवीत, लोह हवं, कॅल्शियम हवं. डाळ, उसळ, अंडी, दूध, पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी यांच्यासाठी पोटात जागा उरायला हवी. लाडवाने भूक मारली की पहिल्यांदा उसळ सुटते, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

## "पण गुळाचे आहेत, साखरेचे नाहीत"

कराड, सांगली, कोल्हापूर हा गुळाचा मुलूख. इथे गुळाबद्दल वाईट बोलणं सोपं नाही. गुळात थोडं लोह आणि काही क्षार असतात, साखरेत तेही नसतात. एवढा फरक मान्य. पण रक्तातली साखर वाढवायच्या बाबतीत गूळ आणि साखर सख्खी भावंडं आहेत. बाळंतपणात रक्त कमी झालं असेल तर गुळाच्या भरवशावर राहू नका. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या लाडू सुरू केले म्हणून बंद करायच्या नसतात.

हल्ली "शुगर फ्री" किंवा "गूळही नाही, साखरही नाही" असे लाडू मिळतात. त्यात गोडी खजूर, खारीक, अंजीर आणि बेदाण्यांची असते. तासगावचा बेदाणा कितीही उत्तम असला तरी त्याचा निम्म्याहून जास्त भाग साखरच आहे. हे लाडू वाईट नाहीत. पण त्यांना साखर नसलेले समजून दोनाचे चार खाल्ले, तर साखर मोजणाऱ्या मीटरला ती खारकेतून आली की गुळातून याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मेथीचंही असंच. मेथीने साखर थोडी उतरते असं दिसून आलं आहे, पण ते बऱ्यापैकी मेथी रोज घेतल्यावर. लाडवात चमचाभर मेथी आणि दोन चमचे गूळ, आणि मेथीने गूळ जिरवावा ही अपेक्षा, हे जुळत नाही. मधुमेहाचं औषध चालू असेल तर मेथीची पूड वेगळी, जास्त प्रमाणात सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

## तुपामुळे साखर हळू चढते, मग बरंच की

हा आक्षेप जाणत्यांकडून येतो आणि त्यात तथ्य आहे. तूप, खोबरं, बदाम आणि डिंकातला तंतू यांच्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं. नुसता गूळ खाल्ल्यावर जशी साखर झपकन चढेल तशी लाडवाने चढत नाही.

पण हळू चढणं आणि न चढणं यात फरक आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर कधी कधी गंमत होते. लाडू खाऊन तासाने बघितलं तर आकडा छान दिसतो, सगळे खूश होतात. अडीच-तीन तासांनी पुन्हा बघितलं तर तो तासाच्या आकड्याच्या वर निघू शकतो. म्हणून लाडवाची परीक्षा घ्यायची तर दोन तासांनी घ्या, आणि एखाद्या दिवशी तीन तासांनीही बघा. बाळंतपणानंतर निरोगी बाईचा दोन तासांचा आकडा 140 च्या आत असतो. सकाळचा उपाशीपोटीचा 126 किंवा वर, अथवा केव्हाही 200 च्या वर आला, तर सहा आठवड्यांनी होणाऱ्या चाचणीपर्यंत थांबायचं नाही. थेट डॉक्टर.

## मग किती खायचा?

गरोदरपणात शुगर नव्हती, वजन बेताचं आहे, बाळ अंगावर पितंय, अशा बाईने दिवसाला 30 ग्रॅमचे दोन लाडू खाल्ले तर हरकत नाही. त्या दिवशी खीर आणि शिरा मात्र नको.

शुगर होती तिने 30 ग्रॅमचा एक. तोही न्याहारीत शिऱ्याच्या जागी किंवा चार वाजता, जेवणाच्या वर चढवलेला नको. सोबतचं दूध बिनसाखरेचं. सकाळी रिकाम्या पोटी लाडू आणि गोड दूध ही जोडी तोडली की निम्मं काम होतं. आकडे बरे येत असतील तर सहा आठवड्यांनी चाचणी होईपर्यंत एवढ्यावर राहावं. अजून पोटातच बाळ आहे आणि शुगर चालू आहे, तिने मात्र लाडू बाळंतपणापर्यंत बाजूला ठेवावा. तिथे आकडे बरेच कडक असतात आणि चूक बाळापर्यंत पोचते.

लाडू नव्याने करायचे असतील तर प्रमाण बदलता येतं. डिंक 100, खोबरं 250, बदाम 150, खसखस 50, खारीक 150, गूळ 200, तूप 200 ग्रॅम. आता 30 ग्रॅमच्या लाडवात साखर 12 वरून साडेसातवर येते. कॅलरी मात्र जवळपास तेवढ्याच राहतात, किंचित वाढतातच, कारण गुळाची जागा बदाम-खोबऱ्याने घेतली. म्हणजे साखर कमी झाली तरी लाडवांची संख्या वाढवायची मुभा मिळत नाही. गूळ कमी केला की लाडू फुटतात ही अडचण खरी आहे. मिश्रण कोमट असतानाच, खारकेची पूड बारीक करून, घट्ट दाबून वळावे लागतात. नाहीच वळले तर भुगा डब्यात भरून चमच्याने खाणं सोपं वाटतं, पण मग मोजमाप राहत नाही. त्यापेक्षा ताटात थापून काट्यावर मोजून वड्या पाडा.

## डिंक कच्चा राहिला तर

गोंधळ दुकानातच सुरू होतो. लाडवाचा डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा असतो, तो तुपात फुलतो. डिंक कतिरा वेगळा. तो पाण्यात टाकला की फुगून जेलीसारखा होतो, सरबतात घालतात, तळून फुलत नाही.

डिंक तळताना घाई सगळ्यांनाच होते. सगळा एकदम कढईत टाकला की वरून फुलतो आणि आत काचेसारखा खडा राहतो. तूप मध्यम तापवा, एका वेळी मूठभरच टाका, मोठे खडे आधी फोडून घ्या. फुललेला खडा वाटीच्या बुडाने दाबून बघा. लाह्यांसारखा कुरकुरून पूड झाला तर तळला. आत चिकट, चमकणारा गाभा दिसला तर परत कढईत. कच्चा डिंक दाताला चिकटतो आणि पोटात गच्च बसल्यासारखा वाटतो.

डिंक हा मुख्यतः विरघळणारा तंतू आहे. त्याला पाणी लागतं. नेमकं आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत आहे, पोट सुटेल म्हणून. डिंक जास्त, पाणी कमी, त्यात लोहाच्या गोळ्या आणि टाके. मग शौचाला जायची भीती वाटते आणि खापर लाडवाच्या "उष्णते"वर फुटतं. तहान लागेल तेवढं पाणी प्यायला द्या, शिवाय प्रत्येक वेळी पाजायला बसताना पेलाभर पाणी शेजारी ठेवा.

डिंकाने दूध वाढतं याला पक्का पुरावा नाही. बाळ जितक्या वेळा नीट ओढून पितं तितकं दूध तयार होतं. लाडू त्या कामाला लागणारी ऊर्जा देतो. एक लाडू कमी खाल्ला म्हणून दूध आटत नाही, हे आजीला कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं.

## सव्वा महिना आणि राहून जाणारी चाचणी

ज्यांना गरोदरपणात शुगर होती त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते. दोन तासांचा आकडा 140 च्या आत आला तर ठीक. 140 ते 199 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. 200 किंवा वर म्हणजे मधुमेह.

ही चाचणी बऱ्याच जणींची राहते, आणि कारण साधं आहे. उपचार सासरी कराडला, बाळंतपण माहेरी जतला. फाईल सासरच्या कपाटात. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, नंतर बारशाची आवराआवर, मग सासरी परतणं. शिवाय शुगर "गेलेली" असते, मग सुई कोण टोचून घेणार?

यावर सोपी तोड आहे. बाळाची दीड महिन्याची लस सहा आठवड्यांनीच असते. त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात आईचीही चाचणी करा. आशाताई 42 व्या दिवशी घरी येतात, त्यांना आधीच विचारून ठेवा. शक्यतो सकाळी उपाशीपोटी जा, म्हणजे दोन्ही आकडे मिळतात. आधीचे तीन दिवस मात्र नेहमीसारखं भाकरी-भात खा. चांगला आकडा यावा म्हणून उपास केला तर चाचणी फसू शकते.

कुणी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी सुचवली, तर ती या काळात पुरेशी नाही. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, नव्या रक्तपेशी तयार होत असतात, त्यामुळे आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी दिसू शकतो.

चाचणी चांगली आली तरी दर वर्षी एकदा साखर तपासायची, आणि पुढचं बाळ ठरवाल तेव्हा दिवस राहिल्याबरोबर दवाखान्यात आधीची हकीकत सांगायची.

## इन्सुलिन अजून चालू असेल तर

ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांचं इन्सुलिन बाळंतपणानंतरही चालू राहू शकतं, डोस कमी करून. पाजताना त्यांची साखर खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी हाताशी लाडू असतो म्हणून तोच दिला जातो. तो चुकीचा उपाय आहे, कारण तुपामुळे त्यातली साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बरं वाटल्यावर थोडं जेवण द्या. रात्री पाजायच्या जागेजवळ ग्लुकोजची डबी ठेवायची, लाडवाचा डबा नाही.

## पाच किलो घरात आलेच आहेत, आता?

टाकायचे नाहीत. मोठे लाडू मोडा, कोमट करून 30 ग्रॅमचे परत वळा. पहिले दोन-तीन काट्यावर वळले की हाताला अंदाज येतो. पंधरा दिवसांचे बाळंतिणीच्या डब्यात ठेवा, बाकीचे घरात वाटा. सुकं खोबरं आणि तूप असल्याने महिन्याभरात लाडू खवट व्हायला लागतात. वास घेऊन बघा, जिभेला कडवट लागला तर तो बाळंतिणीला देऊ नका. पुढच्या वेळी पाच किलो एकदम करण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या किलोचा घाणा करावा. डिंक आणि खारीक कोरडी टिकते, वळलेला लाडू टिकत नाही.